‘कस्टम्समध्ये आहे’ म्हणजे नेमके कुठे? कुरिअर कंपनीच्या क्लिअरन्स विभागाला खुले पत्र

दिनांक: १७ मार्च

प्रति,
कस्टम्स क्लिअरन्स विभाग (आयात केंद्र),
प्रत: ग्राहक सेवा विभाग

विषय: ७ मार्चपासून कस्टम्सच्या टप्प्यावर थांबलेल्या पार्सलबाबत तिसरे स्मरणपत्र

संदर्भ: हाऊस वेबिल क्रमांक ४७१६××××०८, एक खोके, वजन ३.१ किलो, मालाची किंमत १८४ डॉलर, ड्युटी भरणार: प्राप्तकर्ता. यापूर्वीची स्मरणपत्रे १० मार्च आणि १३ मार्च.

महोदय / महोदया,

वेबिलचे मधले चार अंक मुद्दाम झाकले आहेत. पूर्ण क्रमांक आणि ‘ड्युटी बाकी’ एवढी माहिती हाती लागली की कोणीही प्राप्तकर्त्याला पैसे भरण्याची खोटी लिंक पाठवू शकतो, आणि क्रमांक खरा असल्यामुळे ती लिंकही खरी वाटते. पूर्ण क्रमांक आपल्याला आजच्या ईमेलमध्ये वेगळा पाठवला आहे.

आपल्या ट्रॅकिंग पानावर आज सकाळपर्यंत दिसणाऱ्या नोंदी अशा आहेत:

```
04-03  18:20  Shipment picked up
05-03  23:40  Departed origin facility
07-03  06:15  Arrived at destination gateway
07-03  09:50  Clearance processing
09-03  04:10  Clearance event
10-03  04:10  Clearance event
   (... 17-03 पर्यंत रोज 04:10)
```

मागच्या दोन्ही स्मरणपत्रांना ग्राहक सेवा विभागाने वेळेवर उत्तर दिले, त्याबद्दल आभार. उत्तर दोन्ही वेळा एकच होते: ‘पार्सल कस्टम्सच्या मंजुरीसाठी थांबले आहे.’ उत्तर देणाऱ्यांना दोष नाही. त्यांच्यासमोर बहुधा तेच पान उघडे असते जे आम्ही पाहतो. म्हणून हे पत्र थेट क्लिअरन्स विभागाला लिहीत आहोत, आणि खुले ठेवत आहोत, कारण खाली विचारलेले प्रश्न या एकाच खोक्यापुरते नाहीत.

वरच्या नोंदींमध्ये काय आहे त्यापेक्षा काय नाही ते आधी पाहू. ७ तारखेला ९:५० ला क्लिअरन्सची प्रक्रिया सुरू झाल्याचे लिहिले आहे, पण आयात डिक्लेरेशन दाखल झाल्याची नोंद कुठेच नाही. ९ तारखेपासून रोज पहाटे ४:१० ला एकच ओळ पडते आहे. माणूस रोज ठरलेल्या मिनिटाला स्कॅन करत नाही. ‘अजून सुटलेले नाही’ अशा सगळ्या पार्सलांवर एखादी आपोआप चालणारी प्रणाली रात्री एकदा शिक्का मारून जात असावी. तेव्हा या नऊ ओळी म्हणजे नऊ दिवसांचे काम नव्हे. ९ तारखेनंतर या खोक्याला कोणी हात लावला आहे की नाही, हे त्यांवरून कळत नाही.

‘कस्टम्समध्ये आहे’ हे एकच वाक्य चार अगदी वेगवेगळ्या अवस्थांसाठी वापरले जाते, आणि प्रत्येक अवस्थेत पुढचे पाऊल वेगळ्याच माणसाने उचलायचे असते.

पहिली अवस्था म्हणजे डिक्लेरेशन अजून दाखलच झालेले नाही. कागद अपुरे म्हणून किंवा वर्णन समजत नाही म्हणून फाइल आपल्याच क्लिअरन्स टेबलावर थांबलेली असते. तेव्हा सरकारी अधिकाऱ्याने ते पार्सल पाहिलेलेही नसते आणि ‘कस्टम्सने थांबवले’ म्हणणे चुकीचे ठरते. दुसऱ्या अवस्थेत डिक्लेरेशन दाखल झालेले असते आणि अधिकाऱ्याने त्यावर शंका काढलेली असते: किमतीवर, कोडवर किंवा एखाद्या परवान्यावर. या शंकेचे लेखी शब्द असतात आणि ते आपल्या दलालाकडे पोहोचलेले असतात. तिसऱ्या अवस्थेत तपासणी आणि आकारणी झालेली असते, फक्त ड्युटी भरायची राहिलेली असते. मागणीचा संदेश चुकीच्या ईमेलवर किंवा पाठवणाऱ्याच्या खात्यावर गेला, तर पार्सल कितीही दिवस तसेच पडून राहते.

चौथी अवस्था सगळ्यात कमी लक्षात घेतली जाते: पार्सल जागेवर नसणे. ‘आयात केंद्रात पोहोचले’ ही नोंद दरवेळी खोक्याच्या स्वतःच्या बारकोडवरून होत नाही. पुष्कळदा पिशवीचा किंवा कंटेनरचा बारकोड वाचला जातो आणि आत असायला हव्या त्या सगळ्या नगांवर तीच वेळ चढते. खोके निघायच्या जागी पिशवीबाहेर राहिले असेल किंवा दुसऱ्या पिशवीत गेले असेल, तरी पडद्यावर ते ‘पोहोचलेले’ दिसते. कागद तयार, अधिकारी तयार आणि दाखवायला खोकेच नाही, अशी स्थिती त्यातून होते. ५ तारखेनंतर आमच्या खोक्याचे वजन, माप किंवा शेल्फ क्रमांक अशी नगाच्या पातळीवरची एकही नोंद दिसत नाही, म्हणून ही शक्यता आम्ही बाजूला ठेवू शकत नाही.

म्हणून पहिली विनंती. कृपया पुढील चार गोष्टी लेखी कळवाव्यात:

१. आयात डिक्लेरेशन दाखल झाले आहे का? असल्यास त्याचा क्रमांक आणि तारीख.
२. त्यात कोणता एचएस कोड आणि कोणती किंमत लिहिली आहे?
३. अधिकाऱ्याची शंका असल्यास तिचे मूळ शब्द, सारांश नव्हे.
४. या नगाचे, पिशवीचे नव्हे, शेवटचे प्रत्यक्ष स्कॅन कोणत्या दिवशी आणि कोणत्या जागी झाले?

यातला पहिला प्रश्न कळीचा आहे. डिक्लेरेशनचा क्रमांक असेल तर गोष्ट खरोखर कस्टम्सकडे आहे. नसेल तर ती आपल्याकडे किंवा आमच्याकडे आहे.

आता आमच्या बाजूने. कागद पुन्हा तपासल्यावर पाठवणाऱ्याच्या इन्व्हॉइसमध्ये दोन दोष सापडले. शंका निघाली असेल तर ती यांपैकी एकावर असण्याचा संभव मोठा आहे. ते आधीच उघड सांगितले तर आपला वेळ वाचेल.

पहिला दोष वर्णनाचा आणि कोडचा. खोक्यात बाटल्यांवर लेबल लावणाऱ्या यंत्रासाठी दोन स्टेपर मोटर आणि एक पॉवर सप्लाय आहे. पाठवणाऱ्याने तिन्ही वस्तू एका ओळीत ‘यंत्राचे सुटे भाग’ म्हणून लिहिल्या आणि कोड दिला ८४२२.९०, म्हणजे लेबलिंग आणि पॅकिंग यंत्रांचे भाग. वापराच्या दृष्टीने हे खोटे नाही, पण वर्गीकरणाच्या दृष्टीने चूक आहे. एचएस पद्धतीत यंत्रे आणि विद्युत उपकरणे सोळाव्या विभागात येतात, म्हणजे प्रकरण ८४ आणि ८५. त्या विभागाच्या टीप २(अ) प्रमाणे जो भाग स्वतःच या प्रकरणांतल्या एखाद्या शीर्षकात बसतो तो त्याच शीर्षकात जातो, मग तो कोणत्याही यंत्रात बसवायचा असो. काही ठरावीक ‘भागांची’ शीर्षके याला अपवाद आहेत, पण मोटर त्या अपवादांत येत नाही. मोटर ही मोटरच: शीर्षक ८५०१. पॉवर सप्लाय हा स्थिर कन्व्हर्टर: ८५०४.४०. खास त्या यंत्रासाठीच बनवलेला आणि दुसरीकडे कुठेच न बसणारा एखादा ब्रॅकेट असता, तर तो ८४२२.९० मध्ये गेला असता.

नेमक्या याच चुकीवर शंका निघण्याचे कारण सरळ आहे. ‘सुटे भाग’ हे वर्णन वाचून अधिकाऱ्याला आत काय आहे ते कळत नाही. क्ष-किरणात मात्र तांब्याची वेटोळी आणि चुंबक असलेल्या दोन ठोकळ्यांसारख्या वस्तू दिसतात. कागद आणि चित्र जुळले नाही की खोके बाजूला जाते.

मोटरचा पुढचा कोडही सांगून ठेवतो, कारण तिथे दुसरी चूक सहज होते. ज्या मोटरची आउटपुट शक्ती ३७.५ वॉटपेक्षा जास्त नाही ती ८५०१.१० मध्ये येते. स्टेपर मोटरच्या माहितीपत्रकात बहुतेक वेळा आउटपुट वॉट दिलेलेच नसतात. मग कोणीतरी पॉवर सप्लायच्या पाटीवरचे २४ व्होल्ट आणि २ अँपिअर गुणतो, ४८ वॉट काढतो आणि मोटर मर्यादेच्या वर गेली असे समजतो. पण ते विजेचे माप झाले, शाफ्टवर मिळणाऱ्या शक्तीचे नव्हे. शाफ्टवरची शक्ती टॉर्क आणि वेगावरून काढायची असते:

```
P = T × 2π × n / 60
T = 0.2 N·m, n = 600 rpm
P = 0.2 × 62.83 = 12.6 W
```

सोबतच्या टॉर्क–वेग आलेखावर याहून जास्त शक्ती कुठेच येत नाही. ३०० फेऱ्यांवर टॉर्क ०.३ न्यूटन-मीटर आहे आणि शक्ती सुमारे ९.४ वॉट भरते. म्हणजे दोन्ही मोटर ३७.५ वॉटच्या मर्यादेच्या बऱ्याच खाली आहेत. (माहितीपत्रकावर ठळक छापलेला ‘होल्डिंग टॉर्क’ इथे वापरू नये. तो मोटर थांबलेली असतानाचा असतो, आणि शून्य वेगाला शक्तीही शून्यच.) एचएसचे पहिले सहा अंक सगळीकडे सारखे असतात, त्यापुढचे आकडे प्रत्येक देश आपापले जोडतो. ते आपल्या दलालाने ठरवावेत, त्यात आम्ही ढवळाढवळ करत नाही.

दुसरा दोष किमतीचा, आणि तो दिसायला अधिक वाईट आहे. वेबिलवर मालाची किंमत १८४ डॉलर लिहिली आहे. इन्व्हॉइसच्या तळाशी मात्र २३० डॉलर आहेत. परक्या नजरेला हे वेबिलवर किंमत दडवल्यासारखे दिसते. खरा हिशेब साधा आहे: मोटर दोन, प्रत्येकी ५८ डॉलर, मिळून ११६, पॉवर सप्लाय ६८, माल एकूण १८४. उरलेले ४६ डॉलर वाहतुकीचे. पाठवणाऱ्याने ते वेगळ्या ओळीत न दाखवता सरळ बेरजेत धरले.

यात एक धोका आहे, आणि तो फक्त आपल्या टेबलावरच टळू शकतो. जागतिक व्यापार संघटनेच्या मूल्यांकन करारानुसार आधार असतो तो प्रत्यक्ष व्यवहाराची किंमत. पण आयातीच्या जागेपर्यंतची वाहतूक आणि विमा त्यात धरायचा की नाही, हे ठरवण्याची मोकळीक करारानेच प्रत्येक देशाला दिली आहे. जिथे वाहतूक धरली जाते तिथे डिक्लेरेशन भरणारा इन्व्हॉइसची किंमत घेतो आणि वेबिलवरचे भाडे त्यात मिळवतो. आमच्या इन्व्हॉइसवरून त्याने २३० घेतले आणि वर ४६ मिळवले, तर आकडा २७६ होईल आणि ४६ डॉलरवर दोनदा ड्युटी लागेल. जिथे वाहतूक धरली जात नाही तिथे २३० हाच आकडा ४६ ने जास्त ठरेल. म्हणून योग्य आकडे दोनच: वाहतूक धरून २३०, न धरता १८४. विमा काढलेला नाही. वर विचारलेल्या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात २७६ दिसले, तर चूक कुठे झाली ते शोधत बसावे लागणार नाही.

दुरुस्त इन्व्हॉइस आज जोडला आहे. तो पाठवणाऱ्यानेच दिलेला आहे: मूळ क्रमांक तोच, पुढे ‘सुधारित’ आणि नवी तारीख, तिन्ही वस्तू तीन ओळींत, प्रत्येकीचा कोड, नगसंख्या, एकाची किंमत, आणि वाहतूक स्वतंत्र ओळीत. प्राप्तकर्त्याने स्वतः इन्व्हॉइस दुरुस्त करून पाठवणे आम्ही जाणूनबुजून टाळले. विक्री करणारा सोडून दुसऱ्या कोणी बदललेले बिल म्हणजे शंकेला आणखी एक कारण. सोबत बँकेतून पैसे पाठवल्याची पावती आहे आणि तिच्यावर २३० हाच आकडा आहे. ही पावती सगळ्यात उपयोगी पडेल असे वाटते, कारण इन्व्हॉइस कोणीही छापू शकतो, बँकेची नोंद तशी छापता येत नाही. शिवाय मोटर आणि पॉवर सप्लायची माहितीपत्रके आहेत, आणि खोके बंद करण्याआधी पाठवणाऱ्याने काढलेले, पाट्या वाचता येतील असे तीन फोटो. कोणत्याही वस्तूत बॅटरी नाही.

हे कागद कसे वापरायचे, ते पहिल्या प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून आहे. डिक्लेरेशन दाखल झालेले नसेल तर जुना इन्व्हॉइस बाजूला ठेवून थेट सुधारित इन्व्हॉइसवरून ते भरावे. दुरुस्तीचा प्रश्नच येत नाही. दाखल झालेले असेल तर कागद नुसते फाइलला जोडून भागणार नाही. डिक्लेरेशनमध्ये दुरुस्तीचा रीतसर अर्ज करावा लागेल आणि तो प्राप्तकर्त्याच्या वतीने आपल्या दलालालाच करता येईल. त्यासाठीचे सहीचे अधिकारपत्र जोडले आहे. आपला ठरलेला नमुना वेगळा असेल तर तो पाठवावा, त्याच दिवशी भरून परत करू.

आकारणी झालेली असेल आणि फक्त पैसे राहिले असतील, तर लिंक कृपया एसएमएसवर पाठवू नये. आमच्या नोंदणीकृत खात्यात, आपल्या संकेतस्थळावर लॉगिन केल्यावर दिसेल अशा ठिकाणी मागणी दाखवावी, आणि त्यात ड्युटी, कर आणि आपले क्लिअरन्स शुल्क वेगवेगळे दाखवावेत. एकत्र आकडा दिला की किंमत २३० धरली की २७६, ते ताडता येत नाही.

खोके जागेवर नसेल, तर मात्र कागदांचा काही उपयोग नाही. तेव्हा निघालेल्या केंद्राकडे नगाचा शोध सुरू करावा लागेल. शोधासाठी ओळख अशी: तपकिरी नालीदार खोके, ३२ × २४ × १५ सेंटिमीटर, वरच्या बाजूला लाल बाण, एका कडेला दुसरे, जुने फाटलेले लेबल. ते जुने लेबल आम्हाला खटकते. खोके दुसऱ्यांदा वापरलेले असले आणि आधीचा बारकोड पूर्ण झाकला गेला नसला, तर यंत्र कधीकधी तोच वाचते आणि खोके भलत्याच वाटेला लागते. फोटोंपैकी तिसऱ्यात ही कड दिसते.

दोन गोष्टी वेळेशी संबंधित आहेत. पहिली, आपल्या गोदामात मोफत साठवणीचे किती दिवस असतात आणि मोजणी कोणत्या घटनेपासून धरली जाते: विमान उतरल्यापासून, डिक्लेरेशनपासून, की आम्हाला कागद मागितल्यापासून? आजपर्यंत आमच्याकडे एकही कागद मागितलेला नाही. त्यामुळे मागणी न केलेल्या दिवसांचे साठवण शुल्क लावू नये, ही विनंती. लावले असेल तर कोणत्या तारखेपासून, ते कळवावे. दुसरी अधिक तातडीची आहे. ठरावीक दिवसांत प्रतिसाद आला नाही की पार्सल आपोआप परत पाठवायच्या किंवा बेवारस ठरवायच्या यादीत जाते. ती मुदत प्रत्येक ठिकाणी वेगळी असते, पण यादी सगळीकडे असते. हे पत्र म्हणजे प्रतिसाद आहे असे धरून या वेबिलवर ‘परत पाठवू नये, प्राप्तकर्ता माल घेणार आहे’ अशी सूचना आजच नोंदवावी आणि ती नोंदवल्याचे कळवावे. माल एकदा परतीला लागला की तो पुन्हा आयात करायला नवे वेबिल, नवे भाडे आणि नवे डिक्लेरेशन लागते. १८४ डॉलरच्या मालासाठी ते परवडत नाही.

उत्तर फोनवर देण्याऐवजी ईमेलवर द्यावे. आठ-दहा अंकी कोड फोनवर सांगताना एखादा आकडा हमखास इकडचा तिकडे होतो. चारही उत्तरे एकदम मिळाली नाहीत तरी चालेल, पण पहिले आणि चौथे उत्तर कृपया उद्या दुपारपर्यंत मिळावे. डिक्लेरेशन क्रमांक आणि नगाचे शेवटचे स्कॅन या दोन्ही गोष्टी आयात केंद्रातला माणूस पडद्यावर पाहून सांगू शकतो, त्यासाठी कोणाच्या मंजुरीची गरज नाही. कागदांबाबत काही कमी पडत असेल तर पाठवणारा आणि प्राप्तकर्ता दोघेही याच ईमेल साखळीत आहेत. कोणालाही लिहिले तरी पोहोचेल.

आपले विश्वासू,
प्राप्तकर्ता आणि पाठवणारा
(नावे व संपर्क वरील वेबिलवर नोंदवलेले आहेत)

सोबत: सुधारित इन्व्हॉइस, मूळ इन्व्हॉइस, बँकेची पावती, दोन माहितीपत्रके, तीन फोटो, अधिकारपत्र